घामावर विसंबू नका

"वडील ७२ वर्षांचे, तासगावजवळ बागेत दुपारपर्यंत थांबतात. घाम येतोय तोवर ऊन लागत नाही म्हणतात. खरं का?"

नाही. घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाची कातडी कोरडी पडते, पण राबणाऱ्याला उष्माघातातही घाम असू शकतो. खरी खूण डोक्याची: बोलणं असंबद्ध होणं, तोल जाणं, झटके येणं. नुसती चक्कर, मळमळ, पायात गोळे असतील आणि माणूस शुद्धीत असेल, तर सावली आणि एक लिटर पाण्यात एक पुडी ओआरएस घोट घोट पाजावं.

आमच्याकडे खरड छाटणीत एक गडी सदरा चिंब भिजलेला असताना भलतंच बोलू लागला. कुणी तोंडात पाणी ओतणार होतं, ते थांबवलं. ठसका लागून फुफ्फुसात जातं. १०८ ला फोन केला, सावलीत झोपवून कपडे सैल केले, अंगभर मोटरीचं पाणी ओतत पोत्याने वारा घातला. गाडी येईपर्यंत हेच चालू ठेवलं. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही, हा ताप वेगळा.

वडिलांना तहान लागायची वाट बघू देऊ नका, उतारवयात ती उशिरा कळते. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा, गोळी मनाने बंद नको. आणि अकरालाच घरी आणा, रुसले तरी.