सर्दी गेली तरी नाक चोंदलेलंच, तातडीने मदत हवी

रात्रवेडा: सर्दी कधीच गेली. थेंब घातले की पाच मिनिटांत नाक मोकळं होतं, पण दोन-तीन तासांत पुन्हा ठप्प. रात्री उठून घालावे लागतात. याहून जालीम थेंब कुठले? लवकर सांगा, झोपायचंय.

पिंगा: कुठले थेंब? कधीपासून?

रात्रवेडा: नेहमीचेच हो, नाक मोकळं करायचे.

पिंगा: नेहमीचे म्हणजे मिठाच्या पाण्याचेही असतात. बाटलीवरचं नाव वाचा.

रात्रवेडा: झायलोमेटाझोलिन ०.१ टक्के. महिना होऊन गेला असेल.

जाईजुई: वाफ घ्या! माझं सायनस वाफेनेच गेलं. मुलालाही हेच थेंब घालते, चालतात ना?

पिंगा: जाईजुई, मोठ्यांचे थेंब लहानांना नकोत, मुलांच्या डॉक्टरांना विचारा.
रात्रवेडा, आता नाक थेंबांमुळेच चोंदतंय. हे थेंब आतल्या रक्तवाहिन्या आवळतात. असर ओसरला की त्या आणखी फुगतात. रोजच्या वापराने असरही कमी वेळ टिकतो, म्हणून तुमचे तास घटले. तीन-पाच दिवसांवर घालायचेच नसतात. जालीम थेंबांनी हेच वाढेल.

खडूस: फेकून द्या बाटली. चार रात्री तळमळाल, पाचव्या रात्री घोराल. मी तसंच सोडलं.

पिंगा: जमलं तर उत्तमच, पण बरेच जण दुसऱ्या रात्री पुन्हा बाटली शोधतात. एका नाकपुडीपासून सुरुवात करा. समजा उजवीत आजपासून थेंब पूर्ण बंद, डावीत फक्त झोपताना. एका बाजूने श्वास चालू राहतो, त्यामुळे जीव घाबरा होत नाही. उजवी आपोआप मोकळी राहू लागली की डावीही बंद. उजवीला आठवडा लागेल, कधी जास्तही. सोबत मिठाच्या पाण्याचा फवारा हवा तेवढ्या वेळा. डॉक्टर बहुधा फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा स्प्रे देतात, तो थेंब सोडायच्या आधीच सुरू केलेला बरा. मारताना नळी मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने धरा.

खडूस: म्हणजे एक व्यसन सोडून स्टिरॉइडचं दुसरं!

पिंगा: त्या स्प्रेने नाक असं उलटत नाही. उलट तो लगेच काही करत नाही, असर दिसायला काही दिवस जातात. दोनदा मारून "उपयोग नाही" म्हणणारेच जास्त.

रात्रवेडा: बरं, उजवी बंद करतो. पण सर्दीच्या आधीही डावी नाकपुडी जरा बंदच असायची. आणि बीपीची गोळी चालू आहे, त्याने काही फरक?

पिंगा: अहो, हे आधी सांगायचं! या थेंबांनी बीपी वाढू शकतं. डॉक्टरांना थेंबांबद्दल नक्की सांगा. डावी आधीपासून बंद असेल तर पडदा वाकडा असेल, अ‍ॅलर्जी असेल, थेंब सोडून ते जाणार नाही. कान-नाक-घसावाल्यांकडून आत बघून घ्या.

जाईजुई: पडद्याचं ऑपरेशन फार दुखतं का हो?

खडूस: त्यासाठी वेगळा धागा काढा.