मदत हवी आहे: कॉलेजची फी हप्त्यांत भरावी की पतसंस्थेचं छोटं कर्ज काढून एकदम?

मानेवाडा_पालक

नमस्कार मंडळी. मुलगा बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नागपुरातच, खाजगी कॉलेज. नाव घेत नाही. यंदाची फी ८४,००० रुपये आहे. कॉलेज दोन मार्ग देतं.

एक, महिनाअखेरपर्यंत सगळी रक्कम एकदम भरा. दुसरा, आता ३०,०००, मग १५ ऑक्टोबरला २७,००० आणि १५ जानेवारीला २७,०००. पण हप्ते घेतले की १,५०० रुपये 'हप्ता सुविधा' म्हणून आताच वर द्यायचे, आणि तारीख चुकली की रोजचे ५० रुपये विलंब शुल्क.

माझ्याकडे आत्ता ३०,००० आहेत. पगार इतवारीतल्या एका दुकानातून, २४,०००. घरच्या संत्र्याच्या बगीच्यातला (काटोलकडे आहे, भावासोबत सामाईक) आंबियाचा वाटा डिसेंबरात हाती येतो. म्हणजे ऑक्टोबरचा हप्ता दोनेक महिने लांबणार हे मला आजच दिसतंय.

ओळखीची पतसंस्था ५४,००० द्यायला तयार आहे. १२ महिने, 'महिना एक टक्का', हप्ता ५,०४०. ते घेऊन एकदम भरून मोकळं व्हावं का? बायको म्हणते रोजच्या पन्नासपेक्षा कर्ज बरं. मला नक्की कळत नाहीये.

वर्धारोडवाला

यात विचार काय करायचा भाऊ? महिना एक टक्का म्हणजे वर्षाला १२. बँका पर्सनल लोनला यापेक्षा जास्त घेतात. आणि रोजचे पन्नास म्हणजे महिन्याचे १,५००, २७,००० वर. ती तर सावकारी झाली. पतसंस्थेचं घ्या आणि सुटा.

सुषमा_महाल

दादा, कर्ज कशाला काढता? मुलींची फी सरकारने माफ केली आहे ना आता, आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. महाडीबीटीवर फॉर्म भरा. माझ्या पुतणीचं झालं गेल्या वर्षी, शिक्षण शुल्क पूर्ण माफ.

मानेवाडा_पालक

ताई, मुलगा आहे हो. शिवाय त्याची जागा संस्था स्तरावरची आहे, कॅप फेरीतून नाही. गेल्या वर्षी चौकशी केली तेव्हा खिडकीवर सांगितलं की त्या जागेला शिष्यवृत्ती लागत नाही.

सुषमा_महाल

अस्सं होय, मी घाईत वाचलं. मग खरंच नाही लागत. पुतणी कॅपमधून होती.

जुनी_खातेवही

मी बरीच वर्षं एका कॉलेजच्या लेखा विभागात काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

वर्धारोडवाले विलंब शुल्काबद्दल बोलले ते बरोबर. २७,००० वर महिन्याला १,५०० म्हणजे महिना साडेपाच टक्के, फारच महाग. पण पतसंस्थेचे १२ टक्के आणि बँकेचे १४ टक्के ही एका मापाची गोष्ट नाही. ५,०४० ला १२ ने गुणा. ६०,४८० होतात, म्हणजे व्याज ६,४८०. हे पूर्ण ५४,००० वर वर्षभराचं १२ टक्के आहे. तुम्ही मात्र दर महिन्याला मुद्दल फेडत जाता. सहाव्या महिन्यानंतर त्यांचे जेमतेम निम्मे पैसे तुमच्याकडे उरतात, पण व्याज पूर्ण रकमेवरचंच चालू राहतं. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. तेच ५४,००० बँकेने घटत्या शिलकीवर १४ टक्क्यांनी दिले तर हप्ता ४,८५० च्या घरात बसतो आणि वर्षाचं व्याज ४,२०० च्या आत राहतं.

आता एक विचारतो. हातात किती पडणार ते पतसंस्थेने सांगितलं का? शेअर्स कापतील, फॉर्म आणि प्रोसेसिंगचे घेतील.

मानेवाडा_पालक

विचारलं काका. शेअर्सचे २,७०० आणि बाकी खर्च १,०००. म्हणजे ५०,३०० हातात. अरे, मग फीला ३,७०० कमीच पडतात की!

जुनी_खातेवही

तेच. शेअर्सचे पैसे सभासदत्व सोडताना परत मिळतात, पण आज फीच्या कामाचे नाहीत. बँक असो की एनबीएफसी, वैयक्तिक कर्ज देताना त्यांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद द्यावा लागतो. त्यात सगळे खर्च धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे तिथे हा कागद मिळेलच असं नाही. तिथे आपण स्वतः दोनच गोष्टी विचारायच्या: हातात किती, आणि एकूण परत किती.

तिसरी गोष्ट तुमच्यासाठी खास. डिसेंबरात संत्र्याचे पैसे आल्यावर कर्ज एकदम फेडलं तर उरलेल्या महिन्यांचं व्याज सोडतात का? काही ठिकाणी सोडत नाहीत. तसं असेल तर लवकर फेडून काहीच वाचत नाही.

वर्धारोडवाला

ठीक आहे, फ्लॅट रेटचं मान्य. तरी रोजच्या पन्नासपुढे कर्ज स्वस्तच पडेल ना?

जुनी_खातेवही

मांडून बघू. १५ ऑक्टोबरचा हप्ता १५ डिसेंबरला भरला तर ६१ दिवस, म्हणजे ३,०५०. त्यात १,५०० मिळवा, ४,५५०. पतसंस्थेचं व्याज आणि खर्च ७,४८०. म्हणजे इतकं महाग विलंब शुल्क असूनही इथे हप्तेच स्वस्त, कारण उशीर दोनच महिन्यांचा आणि कर्ज वर्षभराचं. दोन्ही सारखे व्हायला जवळपास १२० दिवस उशीर करावा लागेल.

पण ६१ दिवस उशीर करा असं मी अजिबात म्हणत नाही. खरी अडचण पन्नास रुपयांची नसते, परीक्षा फॉर्मची असते. हिवाळी परीक्षेचे फॉर्म याच दिवसांत येतात, आणि थकबाकी दिसली की खिडकीवर फॉर्म अडतो. कोणाचा अडवायचा, कोणाचा अर्ज घेऊन सोडायचा, ते त्या त्या कॉलेजवर असतं.

माझं म्हणणं वेगळंच आहे. कर्जाचे ५,०४० तुम्ही पगारातून दर महिन्याला देणारच होता ना? मग तेच ५,००० ऑगस्टपासून बाजूला टाका. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर धरून १५ तारखेपर्यंत १५,००० होतात. कमी पडतात फक्त १२,०००, तेही दोनच महिन्यांसाठी. तेवढ्यापुरतं काहीतरी बघा. बँकेत एखादा दागिना ठेवला आणि महिना एक टक्का धरला तरी दोन महिन्यांचे २४० रुपये. सोनं तपासायचे वगैरे काही शे लागतील. १,५०० धरूनही सगळं मिळून दोन-सव्वादोन हजारांत वर्ष निघतं. जानेवारीच्या हप्त्याला संत्र्याचे पैसे आहेतच.

काटोलकर

मालकाने बगीचा व्यापाऱ्याला दिला असेल तर इसार आधीच मिळतो की. तोडा डिसेंबरात झाला तरी इसार त्याच्या आधी. त्यातून १२,००० काढता येतील.

मानेवाडा_पालक

इसार फवारणी आणि मजुरीत जातो हो. शिवाय भावाचा अर्धा. तिकडे हात घालत नाही.

धंतोली_ताई

जुनी खातेवही यांचा हिशेब बरोबर असेल, पण माझा अनुभव सांगते. पगारातले पाच हजार बाजूला राहतच नाहीत. गणपती आले, दिवाळी आली, कोणाचं लग्न निघालं की गेले. कर्ज असलं की हप्ता कापला जातो, निदान पैसे जागेवर तरी जातात. मी दोन्ही मुलांच्या वेळी पतसंस्थेतूनच घेतलं. जास्त गेले असतील, पण कॉलेजच्या खिडकीवर कधी तोंड लपवावं लागलं नाही.

मानेवाडा_पालक

ताई, हे खरंच आमच्याही घरातलं बोललात.

जुनी_खातेवही

मग लेखा विभागात विचारा, पुढच्या हप्त्यापोटी दर महिन्याला ५,००० आगाऊ घेतील का? काही ठिकाणी घेतात आणि खात्यावर जमा दाखवतात. काही ठिकाणी संगणकात पूर्ण हप्त्याशिवाय पावतीच निघत नाही. घेत असतील तर पैसे घरात राहतच नाहीत, दिवाळीच्या हाती लागणार नाहीत.

आणि एक गोष्ट पक्की करून घ्या, इथे पालक हमखास फसतात. समजा हप्ता नऊ दिवस उशिरा भरला, विलंब शुल्क ४५० झालं. तुम्ही २७,००० च भरले. कॉलेज आधी ४५० विलंब शुल्कात टाकतं आणि २६,५५० फीमध्ये. आता फीचे ४५० बाकी दिसतात, आणि रोजचे ५० चालूच! जानेवारीत पालक येतात तेव्हा चार-साडेचार हजार निघालेले असतात आणि खिडकीवर भांडण सुरू होतं. शुल्क बाकी रकमेच्या प्रमाणात नसतं, २७,००० बाकी असो की ४५०, रोजचे पन्नासच. म्हणून थोडे पैसे भरल्याने मीटर थांबत नाही. पावतीवर शिक्षण शुल्काच्या ओळीत आकडा किती पडला तो तिथेच उभं राहून वाचायचा. पूर्ण हप्ता दिसत नसेल तर खिडकी सोडायची नाही.

ऑनलाइन भरणार असाल तर शेवटच्या दिवशी भरू नका. आपल्या खात्यातून पैसे गेले त्या दिवशी न धरता कॉलेजच्या खात्यात जमा झाले त्या दिवशीची तारीख धरणारे आहेत.

वर्धारोडवाला

हे ४५० चं नवीनच कळलं. काका, पण असं रोजचं शुल्क घेणं कायद्यात बसतं का? कोणी तक्रार केली आहे का कुठे?

जुनी_खातेवही

माहितीपत्रकात किंवा प्रवेशाच्या वेळी सही केलेल्या कागदावर लिहिलेलं आहे का, ते आधी बघा. लिहिलेलं नसेल तर प्राचार्यांकडे अर्ज देऊन कमी करून घेतलेलं मी पाहिलं आहे. त्यापुढचं वकीलच सांगू शकेल.

धंतोली_ताई

आणि सोनं गहाण ठेवायचं असेल तर बायकोला विचारून ठेवा बरं का. हिशेबात ती ओळ कोणी धरली नाही.

मानेवाडा_पालक

😄 विचारलं. अंगठी द्यायला तयार आहे, बांगड्या नाही म्हणाली.

सोमवारी लेखा विभागात जातो. महिन्याला ५,००० आगाऊ घेता का, विलंब शुल्क आधी कापता का, आणि ऑक्टोबरची थकबाकी असेल तर परीक्षा फॉर्म अडतो का, हे तिन्ही विचारतो. पतसंस्थेला अजून नाही म्हटलेलं नाही. आगाऊ घेत नसतील तर धंतोली ताईंचं म्हणणं डोक्यात आहेच, पण मग ५४,००० न घेता ऑक्टोबरात २०,००० चं सहा महिन्यांसाठी मिळतं का ते विचारीन. तेवढ्या छोट्या रकमेला शेअर्स किती कापतात, कोणाला माहीत आहे का?

काटोलकर

आमच्याकडे कर्जाच्या टक्क्याने कापतात. तुमच्या २,७०० वरून पाच टक्के दिसतात, म्हणजे २०,००० ला हजार. पण संस्थेगणिक वेगळं असतं, पासबुक घेऊन जाऊनच विचारा.