प्रतिसाद: पॉडकास्टच्या शो नोट्समधल्या वेळा का चुकतात

«ट्रान्सक्रिप्टमधल्या वेळा जशाच्या तशा टाकल्या, तरी श्रोते भलत्याच जागी पोहोचतात.»

बहुतेक वेळा ट्रान्सक्रिप्ट कच्च्या रेकॉर्डिंगवरून केलेले असते आणि प्रसिद्ध होतो तो संपादित भाग. गिरणगावावरच्या आमच्या भागात, परळला एका निवृत्त गिरणी कामगाराच्या घरी केलेल्या रेकॉर्डिंगला, सुरुवातीस ४५ सेकंदांचे संगीत जोडले होते. त्यामुळे १२:४० ला असलेला चाळीचा प्रश्न १३:२५ वर गेला. पण विसाव्या मिनिटाला पाहुण्यांना आलेला फोन, म्हणजे पूर्ण दोन मिनिटे, कापल्यामुळे १९८२ च्या संपाचा विषय ३१:१० वरून उलट मागे, २९:५५ वर आला. म्हणजेच सगळ्या वेळांत एकच आकडा मिळवून भागत नाही. अंतिम ध्वनिफितीवरूनच ट्रान्सक्रिप्ट नव्याने करणे मला सर्वांत खात्रीचे वाटते. पडताळणीसाठी शेवटच्या मथळ्याची वेळ ऐकावी, कारण सगळ्या काटछाटीचा फरक तिथे साचलेला असतो.

मथळ्याची वेळ मात्र 'संप' हा शब्द येतो तिथली नव्हे, तर त्याविषयीचा प्रश्न सुरू होतो तिथली द्यावी. यूट्यूबवर या वेळांचे विभाग व्हायला हवे असतील, तर पहिली नोंद `00:00` हवी आणि किमान तीन नोंदी चढत्या क्रमाने हव्यात.