एकाच पावसाळ्यात दोनदा फ्लू : मग लस कशाला, की म्हणूनच लस?

मृद्गंध
मुलगा आठवीत आहे. जुलैत त्याला एच१एन१ झाला, स्वॅबचा रिपोर्ट आहे. चांगला तापाने फणफणला होता. आता सप्टेंबरात परत तसाच ताप, अंगदुखी, कोरडा खोकला. एकाच पावसाळ्यात फ्लू दोनदा होतो का? सासरे म्हणतात, एकदा अंगावर काढला की शरीर तयार होतं, लशीपेक्षा हेच बरं. डॉक्टर म्हणतात, बरा झाला की लस देऊन टाका. कोणाचं ऐकू?

घाटमाथा
सासऱ्यांचं ऐका. खऱ्या आजाराने येणारी प्रतिकारशक्ती टिकाऊ असते, लशीची काही महिन्यांत उतरते. पुण्यात 2009 साली स्वाइन फ्लू आला तेव्हा तरुण माणसं धडाधड आजारी पडली आणि साठी ओलांडलेले त्या मानाने वाचले. कारण 1957 च्या आधी जन्मलेल्यांनी लहानपणी त्याच जातकुळीचा विषाणू अंगावर घेतला होता. पन्नास वर्षं पुरली ती शिदोरी! कुठली लस एवढी पुरते? मुलाला आत्ता जे झालंय ते साधं व्हायरल असणार.

सूक्ष्मदर्शी
घाटमाथा, 2009 चं तुमचं म्हणणं खरं आहे, पण त्यातून निघतं नेमकं उलट. त्या ज्येष्ठांची शिदोरी फक्त एच१एन१ पुरती होती. ज्या वर्षी एच३एन२ चा जोर असतो, त्या वर्षी सगळ्यात जास्त मृत्यू याच वयात होतात. म्हणजे संरक्षण टिकतं, पण ज्याची लागण झाली त्याच्याच विरुद्ध.

मृद्गंधताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. फ्लू हा एक विषाणू नाही. सध्या माणसांत ए गटाचे दोन, एच१एन१ आणि एच३एन२, आणि बी गटाचा व्हिक्टोरिया असे तीन फिरतात. एकाची लागण झाली की त्या मोसमात तोच परत होण्याची शक्यता फार कमी, पण बाकीच्या दोघांना दार जवळजवळ उघडंच राहतं. अमेरिकेत 2019-20 च्या हिवाळ्यात असंच झालं. आधी बी व्हिक्टोरियाची लाट आली, ती ओसरतेय तोवर एच१एन१ ने जोर धरला. डिसेंबरात आजारी पडलेलं मूल फेब्रुवारीत खऱ्याखुऱ्या फ्लूने परत आजारी पडू शकत होतं.

दुसऱ्या वेळी तपासणी केली का?

रोज_चालणारा
माझा अनुभव सांगतो. मागच्या वर्षी लस घेतली आणि पाचव्या दिवशी मला दणकून फ्लू झाला. लशीतूनच आला, दुसरं काय! त्याआधी दर महिन्याला नुसती सर्दी व्हायची, ताप कधीच नाही. तेव्हापासून लशीचं नाव काढलेलं नाही.

सूक्ष्मदर्शी
दंडात टोचतात त्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यातून फ्लू होत नाही. मात्र प्रतिपिंडं पुरेशी तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. पाचव्या दिवशी तुम्ही उघडेच होता. लस घेताना साथ सुरू असली की हे बऱ्याच जणांच्या वाट्याला येतं. आणि दर महिन्याच्या सर्दीमागे बहुतेक वेळा वेगळेच विषाणू असतात, त्यांच्यावर फ्लूची लस चालत नाही.

दर्यावर्दी
सूक्ष्मदर्शी, "तोच परत होत नाही" हे मला तितकंसं पटत नाही. दक्षिण अटलांटिकमध्ये ट्रिस्टन दा कुन्हा नावाचं बेट आहे, जगापासून अगदी तुटलेलं. ऑगस्ट 1971 मध्ये केपटाऊनहून एक बोट परतली, तिच्यावरचे काही बेटकरी खोकत होते. पुढच्या काही आठवड्यांत बेटावरच्या 284 पैकी 273 जणांना एच३एन२ ने गाठलं. म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच. आणि त्याच साथीत 92 जण दुसऱ्यांदा आजारी पडले. मधल्या काळात बाहेरून दुसरा विषाणू आल्याची नोंद नाही. मग ही आजारातून आलेली भक्कम शक्ती गेली कुठे?

सूक्ष्मदर्शी
चांगलं काढलंत. पहिल्या आजारातून उठल्यावर संरक्षण पक्कं व्हायला काही दिवस जातात. घराघरात रुग्ण असताना त्या मधल्या दिवसांतच पुन्हा लागण झाली असावी, हे एक स्पष्टीकरण. काहींच्या शरीराने पहिल्या वेळी नीट प्रतिसादच दिला नाही, हे दुसरं. विषाणू तिथल्या तिथे बदलला असंही म्हणतात. साथीचा आलेख मांडून पाहणाऱ्यांना पहिली दोन कारणं जास्त जुळतात. पण प्रत्येकाचा दुसरा आजार प्रयोगशाळेत पक्का झालेला नव्हता. शिवाय एच३एन२ शी फारशी ओळख नसलेली ती वस्ती होती, आपल्या शहरांत सगळ्यांचा आधीच फ्लूशी सामना झालेला असतो. म्हणून "फार कमी" यावर मी ठाम आहे. "कधीच नाही" मी म्हटलेलं नाही.

दर्यावर्दी
स्पष्टीकरणं ऐकायला बरी आहेत. पण 284 पैकी 92 ला "फार कमी" म्हणता येणार नाही, एवढंच माझं म्हणणं.

मृद्गंध
आज डॉक्टरांनी दवाखान्यातच नाकातून काडी फिरवून कार्डवर टेस्ट केली. सी समोर गडद रेघ आणि बी समोर फिकट. ए समोर काहीच नाही. फिकट रेघ म्हणजे अर्धवट पॉझिटिव्ह का?

सूक्ष्मदर्शी
नाही. सांगितलेल्या वेळेत दिसली तर फिकट रेघही पॉझिटिव्हच. ही कार्डं फ्लू असूनही निगेटिव्ह बऱ्याचदा दाखवतात, नसताना पॉझिटिव्ह क्वचित. त्यातून सध्या साथ आहे. तेव्हा जुलैत एच१एन१ आणि आता बी, असे दोन वेगळे फ्लू धरा.

एकच गोष्ट लक्षात ठेवा. ताप उतरून मूल दोन दिवस हिंडूफिरू लागलं आणि मग परत थंडी वाजून ताप, छातीत दुखणं, धाप लागणं असं झालं, तर तो तिसरा फ्लू समजून घरी थांबू नका. फ्लूच्या पाठोपाठ जिवाणूंचा न्यूमोनिया असाच येतो. लगेच दाखवा. "अंगावर काढला की बरं" यात मला हेच खटकतं. संरक्षण मिळतं, पण त्याआधी हे सगळं सोसावं लागतं.

घाटमाथा
मान्य, दोन फ्लू झाले. पण आता हिशेब करा की. मुलाला तिनांपैकी दोन होऊन गेले, राहिला एच३एन२. आणि लस सगळ्यात कमी चालते ती नेमकी एच३एन२ वरच. मग सप्टेंबर संपताना सुई टोचून काय हाती लागणार?

सूक्ष्मदर्शी
त्या एका मुलापुरता, या पावसाळ्यापुरता फायदा थोडाच आहे, हे खरं. लागण नाकाच्या अस्तरातून होते, त्यामुळे तिथलं संरक्षण आणि विषाणूच्या आतल्या भागांना ओळखणाऱ्या पेशी दोन्ही मिळतात. टोचलेली लस मुख्यतः रक्तात प्रतिपिंडं करते, ती महिन्यागणिक कमी होतात. चांगल्या जुळलेल्या वर्षीही दवाखाना गाठायला लावणारा फ्लू ती साधारण 40 ते 60 टक्क्यांनीच कमी करते. पण ती तिघांविरुद्ध एकदम तयार करते, आणि आजारी न पाडता. जानेवारी ते मार्चमध्ये आपल्याकडे दुसरी लाट येते, 2023 च्या मार्चमध्ये एच३एन२ च आला होता. म्हणून मी तरी देईन.

घाटमाथा
मी नाही देणार. पण सासऱ्यांचं वय किती?

मृद्गंध
अडुसष्ट. मधुमेह आहे. मुलाच्याच खोलीत झोपतात. लस कधीच घेतलेली नाही.

घाटमाथा
मग त्यांना टोचा. त्याबाबत माझा वाद नाही.

सूक्ष्मदर्शी
त्यांना मुलाच्या खोलीतून आजच हलवा. ताप आला तर दोन दिवसांच्या आत डॉक्टरांकडे न्या, ऑसेल्टामिविर लवकर सुरू केली तरच तिचा खरा उपयोग होतो. आठवडाभर काही झालं नाही तर लस द्या. खोक्यावर मोसमाचं वर्ष बघून घ्या, दुकानात मागच्या वर्षीचा साठा पडलेला असू शकतो. पुढच्या वर्षी मात्र एप्रिल-मे मध्येच, पाऊस सुरू व्हायच्या आधी.