आठ वर्षांचा गॅप: कव्हर लेटरात सांगायचा की झाकायचा?

वर्षा, फोंडा: २०१६ साली अकाउंट्सची नोकरी सोडली, सासूबाईंना पक्षाघात झाला म्हणून. गेल्या वर्षी त्या गेल्या. आता वेर्ण्याच्या एका कंपनीत अर्ज करतेय. नणंद म्हणते, गॅप लिहूच नकोस, 'फ्रीलान्स अकाउंट्स' टाक. टाकू?

म्हापसेकर: नणंदेचं ऐका. खरं बोलणाऱ्याचा अर्ज पहिल्याच चाळणीत पडतो. सगळे फ्रीलान्स लिहितात, कोण बघतो?

नलिनी, मडगाव: मी बघते! अकरा वर्षं कारखान्यात माणसं घेण्याचं काम करतेय. फ्रीलान्स दिसलं की मी बिलं मागते, जमलं तर त्या वर्षांचं करकपातीचं २६एएस. एखाद्या फर्मचं नाव टाकलंत तर पीएफच्या यूएएनवर नोकरी सोडल्याची तारीख दिसते. आणि अकाउंट्सच्या माणसाचं खोटं सापडलं की पुढं बोलायलाच नको.

वर्षा, तुझी खरी अडचण सासूबाई नाहीत, जीएसटी आहे. तू व्हॅटच्या काळात गेलीस; जीएसटी आला १ जुलै २०१७ ला. वाचणारा तेच शोधणार. घरचं दोन वाक्यांत संपव: "२०१६ ते २०२४ मी आजारी सासूबाईंची पूर्णवेळ काळजी घेतली. ती जबाबदारी आता संपली आहे." लगेच पुढं: "गेले चार महिने शेजारच्या हार्डवेअर दुकानाची खरेदी-बिलं जीएसटीआर-२बीशी जुळवते, टॅलीप्राइमवर." अर्थात खरंच करत असशील तरच. नसशील तर आधी दुकान गाठ, मग पत्र लिही.

शैला: 'जबाबदारी संपली' हे बाईनंच का लिहायचं? माझे यजमान तारवटी. नऊ महिने बोटीवर, चार महिने घरी पाय पसरून. त्याला कुणी गॅप म्हणत नाही, उलट चॉकलेटं कुठली आणली विचारतात!

म्हापसेकर: वैनी, त्यांच्या सीडीसीवर, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकावर, चढल्या-उतरल्याची नोंद असते. पुरावा असतो.

शैला: मग सासूचं अंथरूण बदललेल्याचा शिक्का कुणाकडून आणू? चार महिने घरी असतात तेव्हा कपही उचलत नाहीत. २०२० मध्ये तर वर्षभर घरीच होते, पुढच्या बोटीवर कुणी एक अक्षर विचारलं नाही.

म्हापसेकर: तेव्हा जवळजवळ सगळ्याच क्रूझ बंद होत्या, हो. त्याचा इथं काय संबंध?

शैला: तुम्हाला नाहीच दिसणार.

नलिनी: शैलाताईंचं म्हणणं चुकीचं नाही. पण 'उद्या पुन्हा रजा मागणार का' ही शंका साहेबाच्या मनात असतेच, आणि पत्रात उत्तर नसेल तर अर्ज बाजूला पडतो. हे न्याय्य आहे असं मी म्हटलेलं नाही.

म्हापसेकर: ठीक, अकाउंट्सपुरतं खरं लिहा. माझ्या बहिणीनं खरंच लिहिलं होतं, तीन ठिकाणांहून साधा फोनही आला नाही. तेही मांडा कुठंतरी.

नलिनी: चौथ्या ठिकाणाहून आला का?

म्हापसेकर: …आला. पगार कमी.

वर्षा: दुकान आहे, भाचेसुनेचं. दोनच महिने झालेत, चार नाहीत. दोनच लिहीन. 'पक्षाघात' शब्द घालू की 'आजारी' पुरे?

नलिनी: आजारी पुरे. आजाराचं नाव आलं की मुलाखतीत त्यावरच गप्पा होतात.

शैला: मी असते तर घातला असता.