शब्दचर्चा: व्हिएतनामी शिफारसपत्रातला 'चिऊ खॉ', सोशिक की कष्टाळू?

अनघा: मी जर्मनीत एका नर्सिंग ट्रेनिंगच्या शाळेत अर्ज तपासायचं काम करते. व्हिएतनामहून बरीच मुलं अर्ज करतात, सोबत वर्गशिक्षकांचं पत्र असतं. परवाच्या एका पत्रात 'एम लान ङ्वान, चिऊ खॉ' असं वाक्य होतं (नाव बदललंय). जोडलेल्या भाषांतरात त्याचं झालं होतं 'धाकटी बहीण लान शहाणं बाळ आहे आणि दुःख सोसते'. सहकारी विचारायला लागले की बाई मुलीच्या सख्ख्या आहेत का आणि घरी तिला त्रास आहे का. मला आधी हे मराठीत नीट समजून घ्यायचंय, मग जर्मनचं बघू.

मिहीर_पुणे: मी थोडं व्हिएतनामी शिकलोय. चिऊ म्हणजे सोसणं, खॉ म्हणजे कठीण, सरळ 'सोशिक' होतं की. भाषांतर अगदीच चूक नाहीये.

शोभा_ताई: माझ्या मुलाला आयटीआयला घालायचंय, त्यालाही शिक्षकांचं असं पत्र लागेल का? आमच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'वर्तणूक चांगली' लिहिलंय, तेवढं चालतं का?

देशपांडे_हनोई: अनघा, मी इथे बरीच वर्षं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी 'एम'. शब्दशः धाकटं भावंड हे खरं, पण शिक्षक विद्यार्थ्याला एमच म्हणतात आणि विद्यार्थीही शिक्षकांपुढे स्वतःला एमच म्हणवतो, तेव्हा पत्रातलं 'एम लान' म्हणजे फक्त 'आमची विद्यार्थिनी लान', नात्याचा काही संबंध नाही. आणि लान हे मुलीचं स्वतःचं नाव, जे पूर्ण नावात सगळ्यात शेवटी येतं. फॉर्मवर आडनाव शेवटी असेल असं धरून लान आडनावाच्या रकान्यात टाकलं तर पुढे पासपोर्टशी जुळणार नाही, ते एकदा बघून घ्या.

आता चिऊ खॉ. मिहीर, तुकडे तुम्ही बरोबर पाडलेत पण जोडल्यावर अर्थ हलतो. सोशिक म्हणायला इथे वेगळा शब्द आहे, 'चिऊ डुंग', तो दुखणं, जाच, अपमान सोसण्याला वापरतात आणि त्यात माणसाचा नाइलाज असतो. चिऊ खॉ मधे माणूस आपणहून कष्टाला तयार असतो. दुकानात गर्दी असली की बाई म्हणतात 'चिऊ खॉ डोय मोत चुत', ते ऐकलं की मला थेट आपलं 'जरा कळ सोसा' आठवतं, तिथे सोसणं आहे पण दुःख नाही. शिवाय दक्षिणेत नुसतं 'चिऊ' म्हणजे 'कबूल आहे, तयार आहे' असंही चालतं. म्हणून मुलीबद्दल लिहिलंय तर 'कष्टाला मागे न हटणारी'.

मिहीर_पुणे: कळ सोसाचं उदाहरण पटलं, सोशिक मागे घेतो. मग सरळ 'कष्टाळू' का नको?

देशपांडे_हनोई: चालेल, पण कष्टाळू म्हटलं की शेतात राबणारं माणूस डोळ्यापुढे येतं. चिऊ खॉ अभ्यासालाही लावतात.

अनघा: आणि ङ्वान? 'शहाणं बाळ' वाचून इथे लोक हसले, मला फार वाईट वाटलं. मुलगी 18 वर्षांची आहे.

देशपांडे_हनोई: ङ्वान हा लहानांसाठीचाच शब्द, मोठ्या माणसाला म्हटलं तर विचित्र वाटतं, पण शिक्षक 18 वर्षांच्या विद्यार्थिनीलाही म्हणतात कारण त्यांच्यापुढे ती एमच. आपल्याकडे बाई म्हणतात ना 'गुणी मुलगी', तोच सूर. सांगितलेलं ऐकते, उलट बोलत नाही, एवढंच. तुमच्या कामाचं म्हणाल तर ङ्वान आणि चिऊ खॉ जवळजवळ प्रत्येक पत्रात असतात, त्यावरून दोन मुलींत फरक करू नका. त्याच्यापुढचं वाक्य बघा.

अनघा: पुढे लिहिलंय की आजी अंथरुणाला खिळली होती, तिला रोज शाळेआधी ही मुलगी आंघोळ घालून भरवायची, आणि त्या वर्षी एकदाही उशिरा आली नाही.

देशपांडे_हनोई: मग चिऊ खॉचा अर्थ बाईंनीच पुढे उलगडून दिलाय! नर्सिंगला याहून वेगळं काय हवं.

शोभाताई, आयटीआयचं तिथेच विचारा, इथलं मात्र सांगतो. देशातल्या देशात व्यावसायिक कोर्सला सहसा प्रगतिपुस्तक बघतात, पत्र लागतं ते मुख्यतः परदेशी अर्जाला. त्या प्रगतिपुस्तकात वर्तणुकीचीही श्रेणी असते. पहिली 'तोत', दुसरी 'खा'. खा चं भाषांतर लोक 'बरी' करतात आणि मुलाचं नुकसान होतं, ती 'चांगली' आहे. 2021 च्या नियमांनी खालच्या दोन श्रेणींची नावं बदलली, वरच्या दोन तशाच राहिल्या.

शोभा_ताई: बरं, शाळेत विचारते. पण त्या मुलीला मी तर 'कामसू' म्हणेन, आमच्या सासूबाईंचा शब्द.

मिहीर_पुणे: कामसू छान आहे पण त्यात त्रास पत्करण्याची छटा येते का? मला 'कष्टाला मागे न हटणारी' जास्त बरोबर वाटतंय, फक्त लांब आहे.

अनघा: मला कामसू आवडला पण मिहीरचं म्हणणंही खरंय. तूर्त 'एम लान'चं 'आमची विद्यार्थिनी लान' आणि ङ्वानचं 'गुणी' पक्कं करते. चिऊ खॉला एकच शब्द कुणाला सुचला तर लिहा, सोमवारपर्यंत वेळ आहे.