साखरपुड्याच्या पोस्टला मजकूर काय लिहू? आजीलाही पटला पाहिजे, आईलाही

बोरीची बाय

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात आमच्या घरी साखरपुडा झाला. माझे आजोबा श्रावणात गेले, वर्षश्राद्ध अजून व्हायचंय. आजीने परवानगी दिली, पण "गाजावाजा नको" असं बजावून. त्यामुळे दोन्हीकडची घरचीच माणसं होती. आता मैत्रिणी आणि ऑफिसातली मंडळी विचारायला लागलीत, म्हणून इन्स्टावर एक पोस्ट आणि व्हॉट्सॲपला एक स्टेटस टाकून विषय संपवायचा असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

तो बोटीवर कामाला आहे. घर पेडण्याच्या बाजूला, तिथे त्याची आई एकटी असते. त्याचे बाबा तो शाळेत असतानाच वारले. आजीचं म्हणणं, देवाचं आणि मोठ्यांचं नाव आलंच पाहिजे. आईचं म्हणणं, नाव, गाव, तारीख काही म्हणजे काही नको. मी लिहिलंय ते असं (कुळदेवीचं नाव इथे गाळते):

> श्री … देवीच्या कृपेने आणि आई-बाबांच्या आशीर्वादाने आज आम्ही एकमेकांना कायमचं 'हो' म्हटलं! मोजक्या माणसांत साखरपुडा झाला. लग्न डिसेंबरात, त्याची सुट्टी मिळाली की. आवतण द्यायला घरी येऊच!

आजीने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "तुम्ही हो म्हटलंत, मग आम्ही पाटावर कशाला बसलो होतो?" सुचवा काहीतरी.

सुहास डिचोली

अभिनंदन! मुलाला चि. आणि मुलीला चि. सौ. कां. लावायला विसरू नका. वर गणपती, खाली प्रेषक म्हणून वडिलांचं नाव, आणि चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू. आमच्या मुलीच्या पत्रिकेत 'आहेर स्वीकारला जाणार नाही' हे छापायचं राहिलं आणि भांड्यांनी खोली भरली. ते आधीच बघून घ्या.

बोरीची बाय

काका, पत्रिका अजून लांब आहे. हे फोनवरच्या पोस्टचं चाललंय.

प्रुफवाला

म्हापशात एका छापखान्यात लग्नपत्रिकांची प्रुफं वाचण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. इन्स्टा मला येत नाही, पण मजकूर कळतो. तुझ्यात भांडण लावणारी वाक्यं कुठली ते सांगतो.

आजीचा राग देवाच्या नावावरून नाही, क्रियापदावरून आहे. 'आम्ही हो म्हटलं' यात कर्ते तुम्ही दोघंच. 'आमचा साखरपुडा झाला' असं लिहिलंस की करणारी माणसं आपोआप मागे उभी राहतात. जुन्या पत्रिका 'आमचे येथे श्रीकृपेकरून' अशा सुरू होत. तिथे बोलणारा घरातला कर्ता माणूस असे. तुझ्या खात्यावर तू बोलणार, तेव्हा 'आमचे येथे' तुझ्या तोंडी शोभणार नाही, पण त्यातलं 'श्रीकृपेकरून' मात्र उचल. आजीला देव मिळतो आणि देवीचं नावही पडत नाही. गोव्यात कुळदेवीचं नाव आणि आडनाव शेजारी शेजारी आलं की जाणत्या माणसाला घराणं, जात, देवस्थानाचे महाजन कोण, सगळं कळतं. तुझ्या आईला नेमकं हेच नको असणार.

दुसरं, 'मोजक्या माणसांत'. हे काढ. ज्याला बोलावलं नाही तो हे वाचतो आणि मोजणीतून आपण गळलो असं धरून बसतो. 'घरच्या घरी' लिही. त्यावर कुणी रुसत नाही, कारण त्यात माणसं मोजलेली नाहीत. आजोबांचं वर्ष चालू आहे हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना कारणही न सांगता कळेल.

तिसरं, 'आवतण द्यायला घरी येऊच'. अगो बाय, हे लेखी आश्वासन झालं! आपल्याकडे आवतण घरोघर जाऊन नारळ-अक्षता ठेवून देतात. ज्याच्या दारात तुम्ही पोचला नाहीत तो पुढची दहा वर्षं हे वाक्य म्हणून दाखवील. लग्नाचा उल्लेखच नको.

नेटकर मडगाव

काकांशी सहमत. तारीख तर मुळीच नको, आणि 'सुट्टी मिळाली की' हे त्याहून नको. तो बोटीवर आहे, घरी एकटी बाई आहे आणि लग्नाच्या दिवशी दोन्ही घरं रिकामी असणार, हे तुम्ही एकाच वाक्यात जगाला सांगताय.

बाकी एवढी काळजी कशाला? व्हॉट्सॲपला `My contacts except...` आहे की. स्टेटस टाका, मग कोण कोण बघतंय ते पाहा आणि नको ती नावं त्यात घाला. काम झालं.

वैशाली टी.

नाही हो, क्रम उलटा आहे. ती सेटिंग पुढच्या स्टेटसला लागू होते. आधी टाकलेलं स्टेटस ज्यांना जायचं त्यांना गेलेलंच असतं, मागाहून नाव वगळून ते परत येत नाही. टाकायच्या आधी यादी करा. माझं मत विचाराल तर `Only share with...` वापरा, कारण वगळायची यादी करताना दूधवाला, जुना घरमालक, क्लासचा सर यांतलं एखादं नाव हमखास राहतं. आणि स्क्रीनशॉट कुणीही काढतो. म्हणून ज्याला दाखवायचं नाही असं काही मजकुरात नसणं हेच बरं.

फेसबुकवरही टाकणार असाल तर मामा-मावशांना टॅग करू नका. टॅग केलं की पोस्ट त्यांच्या मित्रमंडळींपर्यंतही जाऊ शकते. मजकूर नंतर बदललात तरी `Edit history` मध्ये पहिला मजकूर लोकांना दिसतो, म्हणजे देवीचं नाव चुकून गेलं तर खोडून उपयोग नाही. त्यापेक्षा पोस्टच काढून नवी टाका.

नेटकर मडगाव

हे मला माहीत नव्हतं. पण इन्स्टाला तर `Close Friends` आहे, तिथे तरी मोकळं लिहायला काय हरकत?

वैशाली टी.

हरकत नाही. फक्त त्या यादीतली एक मैत्रीण मामेबहिणीची वर्गमैत्रीण असते, आणि गोवा केवढा ते आपल्याला ठाऊक आहे.

साळगावची सून

मजकुरापेक्षा माझा अनुभव वेळेचा आहे. आमच्या नात्यातल्या एका मुलीने साखरपुडा चालू असतानाच स्टेटस लावलं. मामा दुबईला. त्यांना सकाळी शेजाऱ्याने फोन करून "अभिनंदन" म्हटलं, तेव्हा कळलं. मामा काही बोलले नाहीत, पण लग्नात मामाने मुलीला बोहल्यावर आणायचं त्या वेळी त्यांना अगदी बळेच उठवावं लागलं. दोन्हीकडचे मामा, आत्या, आजोबांचे भाऊ यांना आधी फोन जाऊ देत. तोही तुझा नको, तुझ्या बाबांचा किंवा आजीचा. नंतर एक रात्र जाऊ दे आणि मग पोस्ट टाक.

बोरीची बाय

फोन बाबा करतायत, यादी आजीने सांगितली आणि आईने वहीत उतरवली. आजीच्या यादीत अशी दोन घरं निघाली ज्यांची नावं मी ऐकलीच नव्हती.

आता 'आई-बाबांच्या आशीर्वादाने' यावर बोला. त्याचे बाबा नाहीत. त्याला वाटतं 'कै. बाबांच्या आशीर्वादाने' असं यावं. त्याच्या आईला विचारलं, त्या म्हणाल्या "बघा तुमचं तुम्ही", आणि उठून चहा ठेवायला गेल्या.

प्रुफवाला

तो नकार समज. पत्रिकेत कै. लिहितात ते ओळख पटावी म्हणून, अमक्याचे चिरंजीव असं. पोस्टमध्ये ओळखीची गरज नाही. शिवाय कै. दिसलं की खाली शंभर लोक हात जोडतील, आनंदाच्या पोस्टचं शोकपत्र होईल. 'दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाने' लिही. त्यात त्याची आई आली, तुझी आजी आली. गेलेले दोघेही आले, ज्याने त्याने समजून घ्यावं.

साळगावची सून

मला हे पटत नाही काका. मुलाला बाबांचं नाव घ्यावंसं वाटतं तर त्याला का अडवायचं? 'वडीलधारे' मध्ये ते आले हे तुम्हाला कळतं, त्याला पुरेसं वाटेल का? त्याने आईशी एकदा नीट बसून बोलावं. तिला नाव नको आहे, की लोकांचे हात जोडणं नको आहे, हे वेगळं असू शकतं.

प्रुफवाला

असेल. घरातलं त्यांना जास्त कळणार.

अंत्रुजकर

एक विचारतो, रजिस्टर झालंय का? आपल्याकडे रजिस्ट्रारकडची पहिली सही अनेकजण लग्नाच्या आधीच उरकून घेतात. माझ्या भाच्याने पहिल्या सहीनंतर 'ऑफिशियल झालो' असं टाकलं आणि लोकांनी लग्न उरकलं असं धरलं. काही नातेवाईक अजून विचारतात, आम्हाला का नाही बोलावलं. दुसरी सही अजून व्हायची होती! म्हणून 'साखरपुडा' हा शब्द स्वच्छ लिहा, 'ऑफिशियल', 'नवा प्रवास' असलं मोघम काही नको. रजिस्ट्रारच्या नोटिशीत दोघांची नावं लागतातच, तेव्हा पूर्ण गुपित असं राहणार नाही हे आईला सांगून ठेवा.

बोरीची बाय

सही अजून नाही. तो परत बोटीवर जायच्या आधी करायचा विचार आहे.

तर हे अंतिम. त्याने आईशी बोलून घेतलं. बाबांचं नाव पोस्टमध्ये नाही. तो ते आपल्या स्टेटसला, फक्त घरच्यांना दिसेल असं, वेगळ्या ओळीत लिहिणार आहे. त्यावर त्याच्या आई काही बोलल्या नाहीत, पण या वेळी उठूनही गेल्या नाहीत.

> श्रीकृपेने आणि दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाने आमचा साखरपुडा घरच्या घरी झाला. तुमच्या शुभेच्छा असू द्यात.

फोटो फक्त दोन हातांचा आणि अंगठ्यांचा. आधीच्या फोटोत मागे आमची तुळस आणि दारावरची पाटी दिसत होती, तो काढला. आजीने स्वतःचा फोटो टाकू नको म्हटलंय.

वैशाली टी.

छान आहे. इन्स्टावर मजकुराची सुरुवातच दिसते, पुढे `more` येतं. तुमचं मुख्य वाक्य आधीच येतंय, त्यामुळे अडचण नाही. लोकेशन मात्र लावू नका, आणि खाली कुणी "तारीख कधी?" विचारलं तर काय उत्तर द्यायचं ते दोघांनी आधीच ठरवा. नाहीतर तो एक महिना सांगेल, तुम्ही दुसरा.

सुहास डिचोली

"घरचे ठरवतील, मग कळवू" असं लिहा. आमच्या वेळी आम्ही तेच सांगायचो आणि खरंही तेच असायचं. आणि हो, आहेराचं विसरू नका.

नेटकर मडगाव

'श्रीकृपेने' वर ऑफिसातली पोरं हसतील हं.

बोरीची बाय

हसू देत. आजीला वाचून दाखवलं, तिने मोबाइल हातात घेऊन परत एकदा वाचलं आणि म्हणाली, "'आमचा' नको, 'मुलांचा' लिही." आता ते माझ्या खात्यावर कसं लिहू, ते सांगा.